अर्ध्या म्हणीचा हशा

१९६६ साली शाहीर साबळे यांनी एक मुक्तनाट्य रंगभूमीवर आणलं. मुंबईत राबणाऱ्या मराठी माणसाच्या पदरात त्याच मुंबईत काय पडतं, हा त्याचा विषय. विषय रागाचा होता, जाहीर सभेत भाषण ठोकण्यासारखा होता. साबळ्यांनी त्याला नाव दिलं ‘आंधळं दळतंय’, आणि नाव तिथेच थांबवलं. पुढचं ‘कुत्रं पीठ खातंय’ मराठी प्रेक्षकाला पाठच होतं. ते त्याने मनातल्या मनात म्हणायचं होतं, आणि म्हणता म्हणता यातलं कुत्रं कोण, हेही त्यानेच ठरवायचं होतं. त्या नावात एक सणसणीत आरोप आहे, पण तो लेखकाने उच्चारलेला नाही. तो प्रेक्षकाच्या तोंडून वदवून घेतला आहे.

नाटक, एकांकिका, प्रहसन किंवा मालिकेचा भाग लिहिणाऱ्याला म्हणींचा मोह पडतोच. म्हण आली की संवादाला मराठी बाज येतो, अशी समजूत असते. पण बहुतेक संहितांमध्ये ती येते शेवटी, घरातल्या सगळ्यात शहाण्या माणसाच्या तोंडी. मुलाचा धंदा बुडालेला असतो, सून रडत असते, आणि आजोबा चष्मा पुसत म्हणतात, “म्हणतात ना बाळा, अंथरूण पाहून पाय पसरावेत.” प्रेक्षागृहात कुणी हसत नाही. एखाददुसरी मान डोलते आणि पुढच्या क्षणी मोबाइल उजळतात.

म्हण पडते ती का, हे नीट पाहण्यासारखं आहे. म्हण हा मुळातच एक निवाडा असतो. घटना घडून गेलेली असते, चूक कुणाची हे प्रेक्षकाला कळून चुकलेलं असतं, त्याचा निवाडा मनात देऊन झालेला असतो. तोच निवाडा त्याला पुन्हा वाचून दाखवला की तो प्रेक्षक राहत नाही, वर्गातला विद्यार्थी होतो. त्यातून ‘म्हणतात ना’ हे शब्द आधी आले की पुढे काय येणार याची वर्दीच मिळते, आणि वर्दी देऊन आलेल्या गोष्टीवर माणूस दचकत नाही तसा हसतही नाही. म्हणीतून हशा काढायचा तर दोनच वाटा उरतात. एक तर निवाड्याचा काही भाग प्रेक्षकाकडे सोपवायचा, नाहीतर निवाडा देणाराच चुकीचा निवडायचा. मराठी विनोदकारांच्या सगळ्या युक्त्या फिरून फिरून या दोन वाटांवरच येतात.

पहिल्या वाटेचा उस्ताद म्हणजे दादा कोंडके. १९७३ साली आलेल्या त्यांच्या चित्रपटाचं नाव ‘आंधळा मारतो डोळा’. मूळ म्हण, ‘आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन’. दादांनी ‘मागतो’मधल्या ‘ग’च्या जागी ‘र’ बसवला, ‘एक’ गाळला आणि उरलेल्या म्हणीला हातही लावला नाही. एवढ्याशा बदलात बरंच काही साधलंय. सुरुवातीचा ‘आंधळा’ जागचा हलत नाही, त्यामुळे कान नेहमीच्या वाटेने निघतो. बदललेला शब्द मूळ शब्दाच्याच वजनाचा आहे, त्यामुळे चाल मोडत नाही. आणि जे नवं वाक्य तयार होतं त्याला स्वतःचं चित्र आहे: आंधळा माणूस डोळा मारतोय. हेच दादांनी सुरुवात बदलून ‘म्हातारा मागतो एक डोळा’ केलं असतं तर कुणालाही काही आठवलं नसतं आणि हसूही आलं नसतं. म्हण मोडायची ती उशिरा, आणि एकाच जागी. दोन जागी मोडली की तिची ओळखच पुसली जाते.

सचिन पिळगावकरांच्या १९९१ सालच्या ‘आयत्या घरात घरोबा’ या चित्रपटाच्या नावातही हाच हिशोब दिसतो. ‘आयत्या बिळावर नागोबा’ या म्हणीचा आरंभ ठेवला, शेवटचा ‘ओबा’ ठेवला आणि मधलं तेवढं बदललं. इथे आणखी एक गोष्ट घडली आहे. एका श्रीमंताच्या रिकाम्या बंगल्यात खुशाल मुक्काम ठोकणारा माणूस ही गोष्टच त्या म्हणीच्या साच्यातली आहे. अशोक सराफ त्या परक्या घरात ज्या सहजतेने वावरतात, त्या वावरण्यातच म्हण आहे. गोष्टीचा सांगाडाच म्हणीचा असला की ती कुणाच्या तोंडून वदवायची गरज उरत नाही.

दुसरी युक्ती वाक्प्रचारांना विशेष मानवते: आलंकारिक बोलणं शब्दशः घ्यायचं. बतावणीत आणि वगात सोंगाड्या हेच करत आलाय, आणि आजच्या छोट्या प्रहसनांतही ते चालतं. समजा, पोलीस ठाण्यातला प्रसंग आहे.

फौजदार: चोर कुठाय?
हवालदार: पळाला साहेब. हातावर तुरी देऊन.
फौजदार: मग तुरी कुठायत?
हवालदार: मुद्देमालात जमा केल्या साहेब. अर्धा किलो.

यात हशा येतो तो ‘मुद्देमाल’ या शब्दाच्या आणि वजनाच्या जोरावर. हवालदाराला विनोद करायचा नाही, त्याला नोंद चोख ठेवायची आहे. नटाने इथे डोळे मिचकावले किंवा ‘अर्धा किलो’ म्हणताना स्वतःच हसला, तर सगळं मातीत गेलं. शब्दशः घेणारं पात्र आपल्या जागी पूर्ण गंभीर असावं लागतं, आणि त्याच्या गांभीर्याला त्याच्या कामाचा आधार असावा लागतो. म्हणून हाच विनोद हवालदाराऐवजी वाटेवरच्या एखाद्या माणसाच्या तोंडी दिला तर नुसती शाब्दिक कोटी होते, हसू ओठांपर्यंत येऊन परत जातं.

आता ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ या घासून गुळगुळीत झालेल्या म्हणीकडेच वळू. ती हशा मिळवील अशा रीतीने कशी बसवता येईल, हे एका प्रसंगात पावलापावलाने पाहता येतं.

प्रसंग गिरगावातल्या चाळीतला. दहा बाय बाराची खोली. सुरेशने हप्त्यांवर भलामोठा सोफा घेतलाय. ऐपतीबाहेर खर्च केला की फजिती होते, एवढाच मुद्दा पोहोचवायचा आहे. पहिल्या खर्ड्यात सुरेशची बायको त्याला म्हणते, “अहो, अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसानं.” वाक्य खरं आहे, पण ते कानावरून निघून जातं. कारण बायकोचं म्हणणं बरोबर आहे आणि ती ते थेट चुकणाऱ्यालाच ऐकवतेय. गंमत शिरायला कुठे फटच नाही.

लेखक पुन्हा लिहायला बसतो आणि म्हणीतल्या दोन वस्तू रंगमंचावर खरोखरच आणून ठेवायचं ठरवतो: अंथरूण आणि पाय. मग गोष्ट आपोआप सुचत जाते. सोफा दारातून आत जात नाही. हमाल म्हणतात, “पाय काढल्याशिवाय जायचा नाही.” पाय काढून तो आत येतो आणि निम्मी खोली गिळतो. सुरेश त्यावरचं प्लास्टिकही काढू देत नाही. त्याच दिवशी गावाहून सासरे, म्हणजे आप्पा, मुक्कामाला येतात. ते सहा फुटी आहेत. सोफ्यावर झोपायची सोय नाही, कारण प्लास्टिक चुरगळेल.

आता म्हण पेरायची. पेरायची अशासाठी की पुढे ती मोडायची आहे आणि मोडण्याआधी ती प्रेक्षकाच्या कानात असायला हवी. तीही बायकोने नवऱ्याला थेट ऐकवायची नाही. मराठी घरांत यासाठी एक जुनी सोय आहे, आणि तिच्यावरही एक म्हणच आहे: ‘लेकी बोले सुने लागे’. बोलायचं एकाला, लागायचं दुसऱ्याला. रंगमंचावर याच्याइतकी कामाची गोष्ट विरळा, कारण यात तीन माणसं लागतात: बोलणारं, ऐकणारं आणि ज्याला लागतं ते. प्रेक्षक बघत असतो तिसऱ्याचा चेहरा. सुरेश नव्या सोफ्यावर पेपर उघडून बसलाय. चिंगी खाली बसून गृहपाठ करतेय.

बायको: चिंगे, शाळेत म्हणी शिकवल्या का गं?
चिंगी: हो.
बायको: (पेपरकडे बघत) मग सांग बरं, अंथरूण पाहून काय करावं?
चिंगी: झोपावं!

पेपर किंचित खाली येतो आणि पुन्हा वर जातो. म्हण अर्धीच बोलली गेली. उरलेली अर्धी प्रेक्षकाने मनात म्हटली, आणि त्याच वेळी चिंगीने भलतंच उत्तर दिलं. चिंगीचं उत्तर तिच्यापुरतं अगदी बरोबर आहे, अंथरुणाचा तिला माहीत असलेला उपयोग तोच. निवाडा द्यायला बसवलेली व्यक्तीच चुकीची आहे, आणि तरीही निवाडा ज्याच्यावर जायचा त्याच्यावर गेला आहे.

मध्ये चार-पाच मिनिटं जाऊ द्यावीत. तेवढ्यात हप्त्यांवरून कुरबूर होते, जेवणं होतात, सोफ्याशेजारच्या चिंचोळ्या जागेत आप्पांची गादी पडते. रात्र झाली. आप्पांचे पाय उंबरठा ओलांडून चाळीच्या गॅलरीत आलेले आहेत. शेजारी पाण्याची बादली घेऊन येतो, अंधारात अडखळतो.

शेजारी: अहो, हे पाय कोणाचे?
आप्पा: (आतून) माझे. अंथरूण पाहूनच पसरलेत हो. खोली पाहायची राहिली.

इथे म्हण शब्दशः घेतली गेली, आप्पांनी तिचं काटेकोर पालन केलं, आणि तरीही ते उघडे पडले. दोष त्यांचा नाही. दोष ज्याचा आहे तो माणूस सोफ्यापायी आक्रसलेल्या खोलीत झोपलाय, आणि त्याचं नावही कुणी घेतलेलं नाही. ऐपत, हप्ते, उधळपट्टी यातला एक शब्दही न उच्चारता मुद्दा प्रेक्षकाच्या पदरात पडला.

तरीही या वाक्यात एक उणीव आहे आणि ती तालमीत हमखास सापडते. ‘खोली’ हा शब्द आला की हशा सुटतो. त्यापुढचे ‘पाहायची राहिली’ हे शब्द त्या हशात बुडतात. नट एकतर बोलता बोलता अडखळतो किंवा कुणाला ऐकू न येणारं वाक्य पुरं करतो. नटमंडळी म्हणतात तसं, ‘लाफ्टर वाक्यावर चढतो’. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, पण बोलताना क्रम फिरवायची मोकळीक आपली भाषा देते. ती इथे उपयोगी पडते:

आप्पा: माझे. अंथरूण पाहूनच पसरलेत हो. पाहायची राहिली ती खोली.

आता ‘पाहायची राहिली ती’ इथवर प्रेक्षक वाट पाहतो आणि ज्या शब्दाने उलगडा होतो तो शब्द वाक्याच्या टोकाला येतो. त्यानंतर आप्पांनी काही बोलायचं नाही. शेजाऱ्याने बादली उचलावी, ते पाय सांभाळून ओलांडावेत आणि निघून जावं, म्हणजे हशाला पुरं व्हायला जागा मिळते.

हा प्रसंग बिघडवायचा तर एकच वाक्य पुरे. सकाळी सुरेशने म्हणावं, “आप्पा, तुम्ही माझे डोळे उघडलेत. माणसानं ऐपतीप्रमाणेच राहावं.” झालं, आजोबांचा चष्मा परत आला. पुष्कळ लेखकांना हे वाक्य लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण मुद्दा कळला असेल की नाही, अशी धास्ती वाटते. ती धास्ती खरी असेल तर उपाय आधीच्या प्रसंगात शोधावा लागतो. हशा आल्यावर त्याचा अर्थ सांगायला गेलं की आलेला हशाही वाया जातो.

दुसरा बिघाड गर्दीचा. एक म्हण रंगली की लेखकाला हुरूप येतो आणि त्याच पानावर दैव देतं नि कर्म नेतं, नाचता येईना अंगण वाकडं, उथळ पाण्याला खळखळाट फार, अशी रांग लागते. कान दुसऱ्या म्हणीला थकतो, तिसऱ्या म्हणीला पात्राचा आवाज हरवतो आणि लेखकाची वही ऐकू यायला लागते. याला दोनच अपवाद. एक, भांडण: दोन पात्रं एकमेकांवर म्हणी फेकत असतील आणि प्रत्येक म्हण आधीच्या म्हणीला उत्तर देत असेल, तर जुगलबंदीला रंग चढतो. दुसरा अपवाद म्हणजे म्हणी बोलणं हीच ज्या पात्राची खोड आहे आणि ज्याला त्या धड येत नाहीत, असं पात्र. ‘वासरात लंगडी गाय, तिला गुळाची चव काय!’ असं कुणी ठासून म्हटलं तर यमक जुळल्यामुळे कान ते पटकन स्वीकारतो, आणि क्षणभराने डोकं विचारतं, हे काय बोलला हा? कान आणि डोकं यांच्यातल्या या चुकामुकीत हसू आहे. म्हणींची सरमिसळ करायची तर यमकाची किंवा चालीची एवढी तरी शिवण हवी, नाहीतर लेखकालाच म्हणी येत नाहीत असं वाटतं.

तिसरा बिघाड अधिक गंभीर आहे. मराठीतल्या कितीतरी जुन्या म्हणी जातींवर, विधवांवर, सुनांवर, शरीराने अधू असलेल्या माणसांवर बोट ठेवून बेतलेल्या आहेत. जुन्या संग्रहांत त्या छापलेल्या आहेत म्हणून आज जशाच्या तशा उचलता येत नाहीत. प्रेक्षागृहात बसलेल्या एका माणसाला ती म्हण आपल्यावर आली असं वाटलं तर त्याच्या आजूबाजूच्या खुर्च्याही गप्प होतात, आणि ते गप्प होणं रास्त आहे. अशी म्हण घ्यायचीच झाली तर ती बोलणारा उघडा पडेल अशी मांडणी करावी लागते. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ ही म्हण या कसोटीला सहज उतरते, कारण तिच्यात हसं होतं ते न्याय करायला बसलेल्याचं.

म्हणी शोधायच्या कुठे? यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ दोन भागांत, १९४२ आणि १९४७ साली निघाला. लेखकाच्या टेबलावर तो असावाच. त्याआधी १८९९ साली आल्फ्रेड मॅनवारिंग या पाद्र्याने मराठी म्हणींचा संग्रह छापला होता. त्यात म्हणी विषयांनुसार लावल्या आहेत: शेती, जनावरं, शरीराचे अवयव, अन्न, घर, पैसा, नातीगोती, धंदे. ही वर्गवारी नाटककाराला फार सोयीची, कारण पात्राच्या तोंडी म्हण येते ती त्याच्या रोजच्या कामातून. शेतात आयुष्य गेलेल्या माणसाला बैलाची नि कुंपणाची म्हण सुचेल, वाण्याला मापाची नि तराजूची. बँकेतल्या तरुण कारकुनाच्या तोंडी कुंपण आणि शेत आलं तर त्याला कारण लागतं. कारण असेल, म्हणजे तो गावाकडच्या आजीची नक्कल करत असेल, तर तेवढ्यानेच हसू येतं.

बोलीचंही तसंच. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८०मध्ये रंगभूमीवर आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. त्यातली मालवणी मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकासाठी पुसून गुळगुळीत केली असती तर तिचा तिखटपणा गेला असता. वरच्या प्रसंगातले आप्पा सातारकडचे असतील तर ते ‘अंथरूण’ म्हणणार नाहीत. ते म्हणतील, “माझंच. हातरूण बघूनच पसरल्यात. बघायची राहिली ती खोली.” चिंगीच्या पाठ्यपुस्तकातलं अंथरूण आणि आप्पांचं हातरूण यांतलं अंतर प्रेक्षक आपोआप भरून काढतो, आणि सासऱ्यांच्या खोलीतल्या नवखेपणाला त्यामुळे आणखी धार येते.

शेवटची अडचण अलीकडे वाढली आहे: तरुण प्रेक्षकांना म्हण ठाऊक असेल, असं गृहीत धरता येत नाही. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ यातला कथील घराघरांतून कल्हईबरोबर गेला. यावर तालमीच्या पहिल्या वाचनातच एक चाचणी करता येते. वाचणाऱ्याने म्हण निम्म्यावर थांबवायची आणि कलाकारांकडे, चहा घेऊन आलेल्या पोराकडे, प्रकाशयोजनेच्या मुलाकडे बघायचं. विशी-पंचविशीतल्या बहुतेकांनी उरलेली म्हण पुरी केली तर ती मोडायला, अर्धवट सोडायला तयार आहे. निम्म्यांनीच केली तर चिंगीसारखा एखादा प्रसंग आधी घालून ती पेरावी लागते. कुणालाच आली नाही, तर तिचा अर्थ समजावणारं वाक्य घालण्यापेक्षा ती काढून टाकावी आणि त्याच अर्थाची, सगळ्यांच्या तोंडात असलेली दुसरी शोधावी. सोनुबाईच्या जागी ‘बडा घर पोकळ वासा’ बसते का, हे त्या पात्राच्या घराकडे आणि धंद्याकडे बघून ठरवता येतं. तेवढा बदल करून ते पान पुन्हा वाचून पाहायचं, आणि या खेपेला म्हण नेमकी कुठल्या शब्दावर तोडायची ते पेन्सिलीने खुणावून ठेवायचं.